केसीनपेक्षा किती कमी?

कोंबडीच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचे सहा गट केले. कोणते पिल्लू कोणत्या गटात जाईल हे निव्वळ योगायोगावर सोडले आणि प्रत्येक गटाला वेगळे पूरक खाद्य दिले: केसीन (दुधातले प्रथिन), हॉर्सबीन, जवस, मांसचूर्ण, सोयाबीन, सूर्यफूल. सहा आठवड्यांनी एकूण ७१ पिल्लांची वजने ग्रॅममध्ये नोंदवली. ‘बायोमेट्रिका’च्या १९४८ सालच्या अंकातली ही आकडेवारी आज R या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये chickwts या नावाने आयती मिळते. गटांची सरासरी वजने अशी: केसीन ३२३.६, हॉर्सबीन १६०.२, जवस २१८.८, मांसचूर्ण २७६.९, सोयाबीन २४६.४, सूर्यफूल ३२८.९ ग्रॅम.

आता खाद्यावरून वजनाचा अंदाज बांधणारे रिग्रेशनचे समीकरण हवे आहे. समीकरणाला आकडे लागतात आणि ‘जवस’ हा काही आकडा नव्हे. नवशिका पटकन सुचवतो, की इंग्रजी वर्णक्रमाने खाद्यांना १ ते ६ क्रमांक देऊन टाकू. तसे केले तर संगणक तक्रार न करता उत्तर देतो: क्रमांक एकाने वाढला की वजन सुमारे ८ ग्रॅमने वाढते. या वाक्याला काडीचा अर्थ नाही. केसीन आणि हॉर्सबीन शेजारी आले ते स्पेलिंगमुळे. या सरळ रेषेच्या मते हॉर्सबीनची पिल्ले सरासरी २४८ ग्रॅमची असायला हवीत. प्रत्यक्षात ती १६० ग्रॅमची आहेत. केसीनचा अंदाज येतो २४०, खरी सरासरी ३२४. क्रमांक दिले की आपण नकळत दोन गोष्टी कबूल करून बसतो: खाद्यांना चढता-उतरता क्रम आहे, आणि दर पायरी सारख्याच उंचीची आहे.

यावरचा उपाय म्हणजे डमी चल. प्रत्येक खाद्यासाठी एक स्तंभ करायचा. पिल्लाने ते खाद्य खाल्ले असेल तर त्यात १, नाही तर ०. खाद्ये सहा आहेत, स्तंभ मात्र पाचच ठेवायचे. ज्या पिल्लाच्या पाचही स्तंभांत शून्य आहे ते सहाव्या गटाचे, हे आपोआप कळते. सहावा स्तंभ ठेवला तर प्रत्येक पिल्लासाठी सहा स्तंभांची बेरीज नेमकी १ होते, आणि समीकरणातला स्थिरांक तर सर्वांना सारखाच लागू असतो. मग स्थिरांकात १०० मिळवून सहाही सहगुणकांतून १०० वजा केले तरी अंदाज तेच राहतात. म्हणजे अगणित उत्तरे सारखीच बरोबर ठरतात. हाताने सहा स्तंभ बनवून दिले तर R त्यांपैकी एकाच्या सहगुणकापुढे NA छापून मोकळा होतो. पायथॉनमध्ये get_dummies सांगितल्याशिवाय एकही स्तंभ गाळत नाही; तिथे drop_first=True आपण लिहायचे असते.

ज्याचा स्तंभ गाळला तो संदर्भगट. R हे काम स्वतः करतो:

```
lm(weight ~ feed, data = chickwts)
```

उत्तरात स्थिरांक ३२३.६ येतो. ही केसीनची सरासरी आहे. पुढे हॉर्सबीन उणे १६३.४, जवस उणे १०४.८, मांसचूर्ण उणे ४६.७, सोयाबीन उणे ७७.२, सूर्यफूल अधिक ५.३. अनेकांची गफलत होते ती इथेच. ‘जवस उणे १०५’ पाहून जवस खाऊन पिल्ले वाळली असे वाटते. आकडा एवढेच सांगतो, की जवसाच्या गटाची सरासरी केसीनच्या गटापेक्षा १०५ ग्रॅमने कमी आहे. ३२३.६ मधून १०४.८ वजा करा, जवसाची २१८.८ ही सरासरी परत मिळते. कळसूबाईची १६४६ मीटर उंची समुद्रसपाटीपासूनची असते. बारी गावातून चढणाऱ्याला तेवढे चढावे लागत नाही. सहगुणकही असाच कुठून तरी मोजलेला असतो.

केसीनला हा मान मिळाला तो c हे अक्षर आधी येते म्हणून. आपण कोणाशी तुलना करतो आहोत हे स्पेलिंगने ठरवावे हे मला पटत नाही, पण छापून आलेली कितीतरी कोष्टके अशीच तयार झालेली असणार. संदर्भगट बदलणे एका ओळीचे काम आहे:

```
chickwts$feed <- relevel(chickwts$feed, ref = "horsebean")
```

तेच समीकरण पुन्हा चालवले, की स्थिरांक १६०.२ होतो आणि सगळे सहगुणक धन होतात: जवस अधिक ५८.६, सोयाबीन अधिक ८६.२, केसीन अधिक १६३.४. मघाशी ‘वाईट’ वाटणारे जवस आता ‘चांगले’ दिसते. पिल्लांचे वजन मात्र एका ग्रॅमनेही हललेले नाही. प्रत्येक गटाचा अंदाज तोच, आणि खाद्यामुळे वजनातला सुमारे ५४ टक्के फरक समजतो हा निष्कर्षही तोच.

बदलते ते कोष्टकात थेट काय वाचता येते ते. त्यामुळे संदर्भगट प्रश्नावरून निवडावा. पोल्ट्रीवाला आज सोयाबीन घालत असेल आणि खाद्य बदलावे का हा त्याचा प्रश्न असेल, तर सोयाबीन हाच त्याचा संदर्भ. मात्र अगदी लहान गट संदर्भाला घेऊ नये. प्रत्येक तुलनेची एक बाजू तोच गट असतो; त्याची सरासरी डळमळीत असेल तर सगळेच फरक डळमळतात.

याहून सावधगिरी लागते ती दोन बिगर-संदर्भ गटांची तुलना करताना. केसीन संदर्भ असताना जवस आणि सोयाबीन या दोघांपुढे सांख्यिकीय सार्थकतेचे ठळक तारे असतात. त्यावरून ते दोघे एकमेकांपासून वेगळे आहेत की नाहीत हे मुळीच कळत नाही. त्यांच्यातला फरक २७.७ ग्रॅम आणि त्या फरकाची स्टँडर्ड एरर सुमारे २१.६. फरक आपल्या एररच्या दुप्पटही नाही, तेव्हा तो योगायोगाचाही असू शकतो. हे पाहायला जवस किंवा सोयाबीनला संदर्भ करून समीकरण पुन्हा चालवावे लागते.

सूर्यफुलापुढे तारा नाही, म्हणून तेवढाच स्तंभ उडवण्याचा मोहही पुष्कळांना होतो. तसे केले तर सूर्यफुलाची पिल्ले कुठे जातात? त्यांच्या उरलेल्या चारही स्तंभांत शून्ये असतात, म्हणजे ती गुपचूप केसीनच्या गटात जाऊन बसतात. स्थिरांक ३२६.३ होतो, ही दोन्ही गटांच्या मिळून २४ पिल्लांची सरासरी. जवसाचा सहगुणक उणे १०४.८ वरून उणे १०७.५ वर सरकतो, कारण आता तो वेगळ्याच संदर्भापासून मोजला जातो. प्राणिज केसीन आणि वनस्पतिज सूर्यफूल एकच मानायचे असतील तर तसे उघड सांगून मानावे. खाद्याने एकूण काही फरक पडतो का, हे विचारायचे असेल तर पाचही स्तंभांची एकत्र चाचणी घ्यावी. इथे तिचे F मूल्य १५.३६ येते, आणि संदर्भगट कोणताही घेतला तरी ते तेवढेच राहते.