सेकंदाला 22 अक्षरं : देवनागरी सबटायटलच्या पंचवीस वर्षांचा मागोवा

इच्छापूरच्या बऱ्याच घरांत मराठी बोलली जाते आणि शाळेत हिंदी वाचली जाते. इंदूरहून येणारा रस्ता इथे महाराष्ट्राच्या हद्दीला टेकतो. पलीकडे मुक्ताईनगर तालुका. इथल्या मुलाला मराठी चित्रपटातला संवाद कानानं नीट कळतो, पण तोच संवाद पडद्याखाली मराठीत लिहून आला की डोळा अडखळतो. लिपी ओळखीची असते, शब्दाचं लिखित रूप ओळखीचं नसतं. अशा वाचकासाठी ओळ पडद्यावर किती वेळ थांबली, यावर सगळं अवलंबून असतं. मी संवादांचं टायमिंग करते, म्हणजे तयार संहितेतली प्रत्येक ओळ कोणत्या फ्रेमला यावी आणि कोणत्या फ्रेमला जावी हे ठरवते. गेल्या पंचवीस वर्षांत या कामाचे नियम कुठून आले आणि देवनागरीत येताना त्यांचं काय झालं, ते इथे मांडते आहे.

सुरुवात 1999 पासून करायला हवी. जी भाषा ऐकू येते त्याच भाषेत खाली अक्षरं दाखवायची, ही कल्पना अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी 1996 मध्ये मांडली आणि 1999 मध्ये दूरदर्शनच्या गुजराती 'चित्रगीत' कार्यक्रमात ती प्रत्यक्षात आली. जेमतेम वाचता येणाऱ्यांचा सराव व्हावा, हा तिचा हेतू होता. पुढे हिंदी गाण्यांच्या 'रंगोली'तही अक्षरं दिसू लागली. गाण्यात वेळेची ओढाताण फारशी नसते, कारण ओळ संथ असते, पुन्हा पुन्हा येते आणि गायक जो शब्द म्हणतो तोच रंग बदलतो. खरी कसोटी संवादात लागते. संवाद वेगात येतो, एकदाच येतो आणि मधेच कट पडतो.

त्याच काळात मराठी चित्रपट इंग्रजी सबटायटलसह परदेशी जाऊ लागले होते. 2004 मध्ये 'श्वास' भारताकडून ऑस्करसाठी पाठवला गेला, तेव्हा हा विषय मराठी घरांतही पोचला. त्या पिढीचं काम सहा सेकंदांच्या नियमावर चालायचं. दोन भरलेल्या ओळी, प्रत्येकी साधारण 37 अक्षरांच्या, वाचायला सहा सेकंद लागतात, असा तो युरोपातल्या टीव्हीवर रुळलेला अंदाज. भागाकार केला तर सेकंदाला बारा अक्षरं होतात. ही गती आज फार संथ वाटते, पण त्यामागे एक सवलत होती. अनुवाद करणारा वाक्य कापू शकत असे. नायक दहा शब्द बोलला तरी इंग्रजीत सहा दिले की भागायचं.

ओटीटी आल्यावर आकडे बदलले आणि काटेकोर झाले. नेटफ्लिक्सच्या नियमावलीत एका ओळीत 42 अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, एक सबटायटल कमीत कमी सेकंदाचा पाच षष्ठांश भाग आणि जास्तीत जास्त सात सेकंद, दोन सबटायटलमध्ये किमान दोन फ्रेमची फट, असं सगळं बांधून दिलं गेलं. इंग्रजीसाठी प्रौढांच्या कार्यक्रमांची मर्यादा सेकंदाला 17 होती, ती पुढे 20 झाली. हिंदीसाठी ती 22 ठेवली गेली. मराठीचं काम करणाऱ्यांनीही, लिपी एकच म्हणून, हाच आकडा उचलला.

इथे थांबून एक गोष्ट नीट पाहायला हवी : अक्षर म्हणजे काय मोजायचं? संगणकाला देवनागरीतलं व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत हे सगळे वेगळे घटक दिसतात. 'स्वातंत्र्य' या शब्दात त्याला अकरा घटक सापडतात. वाचणाऱ्याला 'स्वा', 'तं', 'त्र्य' अशी तीनच अक्षरं दिसतात. सॉफ्टवेअरही एकमेकांशी जुळत नाहीत. काही प्रत्येक घटक मोजतात. काही काना-मात्रा व्यंजनाला जोडून मोजतात, पण जोडाक्षर हलंतापाशी तोडतात. अक्षरांच्या सीमा ठरवण्याच्या युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याची तरतूद 2023 मध्ये आली. म्हणून तीच फाइल एका सॉफ्टवेअरमध्ये लाल दिसते आणि दुसऱ्यात निर्धोक.

यातून एक मोह होतो. जोडाक्षर एक धरून मोजलं की वेग आपोआप कमी दिसतो आणि लाल खूण निघून जाते. हे चुकीचं आहे. 22 ही मर्यादा घटक मोजण्याच्या पद्धतीशी बांधलेली आहे. अक्षरं एका पद्धतीनं मोजायची आणि मर्यादा दुसऱ्या पद्धतीची लावायची, तर ओळ कुणाच्याही वाचनाच्या पलीकडे धावते. शिवाय जोडाक्षर डोळ्याला साध्या अक्षराइतकं सोपं नसतं. 'ठ्या' आणि 'ठ' एकाच वेगानं वाचले जातात, असं शिकणाऱ्या मुलाकडे पाहून कुणीही म्हणणार नाही.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. संवाद मीच रचला आहे. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमचा धरू.

पहिली ओळ : 'तुम्ही म्हणता पाणीपुरवठ्याचा प्रश्न सुटला,' दुसरी ओळ : 'मग आमच्या विहिरीत थेंब का नाही?' मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून पहिलीत 42 घटक, दुसरीत 31, एकूण 73. डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजली तर 22 आणि 20, एकूण 42. ओळ तोडलीय ती स्वल्पविरामापाशी. 'प्रश्न' आणि 'सुटला' यांच्यामध्ये तोडली असती तर दोन्ही ओळी लांबीनं जवळ आल्या असत्या, पण वाचणाऱ्याला अर्धा विचार हातात धरून खाली उतरावं लागलं असतं. लांबी मर्यादेत बसत असेल तर अर्थाचा तुकडा अखंड ठेवणं केव्हाही बरं.

आता वेळ. बाई बोलायला लागते चौदा मिनिटं सात सेकंद पाच फ्रेमला आणि थांबते नऊ सेकंद वीस फ्रेमला. म्हणजे बोलणं दोन सेकंद पंधरा फ्रेम. 73 ला या वेळेनं भागलं की सेकंदाला जवळपास 28 येतात. मर्यादा कितीतरी ओलांडली. अनुवाद असता तर एखादा शब्द गाळता आला असता. पण मराठी संवादाखाली मराठीच ओळ असेल तर ते करता येत नाही. ऐकू न येणारा प्रेक्षक ओठांच्या हालचालीशी ओळ ताडून पाहतो, शिकणारा मुलगा आवाज आणि अक्षर जुळवतो. दोघांनाही गाळलेला शब्द खटकतो. संहिता पक्की आहे, म्हणून वेळच मिळवायला हवा, आणि तो कटपाशी सापडतो.

बोलणं सुरू होण्याच्या आठ फ्रेम आधी कट आहे, सहा सेकंद एकवीस फ्रेमला. अर्ध्या सेकंदाच्या आत आधी कट असेल तर ओळ त्या कटवर आणून बसवायची, हा रूढ नियम. चित्र बदलतं त्याच क्षणी ओळ येते, त्यामुळे ती लवकर आलीय असं जाणवत नाही. शेवटाकडे पुढचा कट दहा सेकंद बारा फ्रेमला आहे. बोलणं संपल्यावर ओळ रेंगाळू द्यायची, पण कटच्या दोन फ्रेम आधी काढून घ्यायची, म्हणजे दहा सेकंद दहा फ्रेमला. एकूण वेळ झाला तीन सेकंद तेरा फ्रेम. 73 भागिले 3.54, म्हणजे सेकंदाला 20.6. एकही शब्द न गाळता ओळ मर्यादेत आली. फाइलमध्ये ती अशी दिसते :

```
214
00:14:06,875 --> 00:14:10,417
तुम्ही म्हणता पाणीपुरवठ्याचा प्रश्न सुटला,
मग आमच्या विहिरीत थेंब का नाही?
```

हे नेहमीच जमतं असं नाही. आठ फ्रेम आधी आलेली ओळ एखादं गुपित फोडत असेल, किंवा त्या आठ फ्रेममध्ये दुसरंच पात्र पडद्यावर असेल, तर कटवर बसवण्याचा मोह सोडायला लागतो. बोलणं संपताच दुसरं पात्र बोलू लागलं तर मागे रेंगाळायला जागाच उरत नाही. अशा ठिकाणी मी दोन ओळींचं एक सबटायटल फोडून दोन करत नाही. तेवढ्याच शब्दांना तेवढाच वेळ मिळतो आणि वर आणखी दोन फ्रेमची फट त्यातून जाते. उलट आधीचं किंवा नंतरचं छोटं वाक्य त्याच पात्राचं असेल तर जोडून पाहते, कारण मधली शांतता मग वाचायच्या वेळेत मिळते.

सगळ्यात ठसठशीत दोष दिसतो तो ओळ कटच्या पलीकडे दोन-चार फ्रेमच राहिली की. नवं चित्र येतं, ओळ क्षणभर तिथेच असते आणि नाहीशी होते. डोळ्याला खाली काहीतरी लुकलुकल्यासारखं वाटतं. ओळख सोपी आहे : आवाज बंद करून चित्रपट साध्या वेगानं चालवायचा आणि नजर पडद्याच्या मधोमध ठेवायची. जिथे नजर विनाकारण खाली ओढली जाते तिथे कटपाशी चूक आहे. अशी ओळ एकतर कटच्या आधी संपवायची, नाहीतर कटनंतर किमान अर्धा सेकंद राहू द्यायची.

कट ओलांडूच नये, हा जुना कडक नियम मात्र या काळात सैल झाला. चित्र बदललं की प्रेक्षक ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचतो, असं दीर्घकाळ मानलं जाई. पोलंडमधल्या संशोधकांनी डोळ्यांची हालचाल टिपून 2013 मध्ये दाखवलं की बहुतेक प्रेक्षक तसं करत नाहीत. 2018 मध्ये आणखी एका अभ्यासात सबटायटलची सवय असलेले प्रेक्षक वेगवान ओळीही गाठतात, असं दिसलं. पण हे सगळे प्रयोग रोमन लिपी सफाईनं वाचणाऱ्यांवर झाले. इच्छापूरच्या पाचवीतल्या मुलाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

दरम्यान सप्टेंबर 2019 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं श्रवणबाधितांसाठी टीव्ही कार्यक्रमांची मानकं आणली, मार्च 2024 मध्ये चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. ऐकू येणाऱ्या भाषेतच ओळ देण्याचं काम आता वाढणार आहे. म्हणून मराठीला स्वतःचा आकडा हवा, आणि तो ठरवताना घटक मोजले की अक्षरं, हे आधी लिहून ठेवायला हवं. नमुन्याला पुण्या-मुंबईच्या सराईत वाचकांबरोबर सीमेवरची, हिंदी शाळेत शिकणारी मुलंही हवीत. तो आकडा येईपर्यंत 22 ही माझ्यासाठी शेवटची हद्द आहे, गाठायचं लक्ष्य नाही. दोन कटांच्या मध्ये जागा असेल तर मी ओळ 17-18 वर आणून ठेवते. चित्रपट त्यानं जराही बिघडत नाही, आणि हळू वाचणाऱ्याची ओळ पुरी होते.