पेपर नेमका किती वाजता फुटला?

8 जुलै 2024 रोजी ‘नीट’च्या पेपरफुटीची सुनावणी सुरू झाली, तेव्हा पेपर फुटला यावर सर्वोच्च न्यायालयात फारसा वाद उरलेला नव्हता. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाला वेगळीच गोष्ट हवी होती. पेपर पहिल्यांदा कधी फुटला, तो कोणत्या मार्गाने पसरला आणि फुटल्यापासून परीक्षा सुरू होईपर्यंत किती वेळ गेला, हे न्यायालयाने राष्ट्रीय परीक्षा संस्थेला, म्हणजे एनटीएला विचारले. 23 लाखांहून अधिक मुलांची फेरपरीक्षा घ्यायची की नाही, हे त्या उत्तरावर ठरणार होते. पेपर दोन दिवस आधी मोबाइलवर फिरला असेल तर तो कुठवर पोचला हे सांगता येत नाही. परीक्षेच्या दिवशीच सकाळी फुटला असेल तर फायदा घेणारे मोजता तरी येतात.

परीक्षा 5 मे रोजी दुपारी दोन वाजता होती. त्याच दिवशी पाटण्याच्या शास्त्रीनगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. शहरातल्या एका वसतिगृहात अर्धवट जळालेल्या प्रश्नपत्रिकेचे तुकडे सापडले आणि त्यावर प्रश्नपुस्तिकेचा क्रमांक शिल्लक होता. प्रत्येक पुस्तिकेचा क्रमांक वेगळा असतो आणि कोणती पुस्तिका कोणत्या केंद्रावर गेली याची नोंद एनटीएकडे असते. बिहार पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तो क्रमांक जुळवून घेतला, तेव्हा तो झारखंडमधल्या हजारीबागच्या ओअ‍ॅसिस स्कूल या केंद्राचा निघाला.

त्या क्रमांकाची पुस्तिका परीक्षेच्या वेळी एका उमेदवाराच्या हातात पडली होती. म्हणून त्या उमेदवाराने पेपर फोडला असे म्हणता येते का? अजिबात नाही. पुस्तिका आधी काढून, तिचे फोटो घेऊन ती परत पाकिटात ठेवली असेल, तर छापील प्रतीवर तोच क्रमांक उमटणार आणि उमेदवाराला त्याची गंधवार्ताही नसणार. जळका तुकडा इतकेच सिद्ध करतो की पाटण्यात सापडलेली प्रत हजारीबागच्या पुस्तिकेवरून निघाली. कोणी काढली, कधी काढली, यावर तो तुकडा मुका आहे. बातमीतले ‘अमक्याची पुस्तिका फुटली’ हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरे असूनही एका निरपराध मुलाला आयुष्यभर चिकटू शकते.

‘कधी’चे उत्तर सीबीआयने दुसरीकडून आणले. पेट्या 24 एप्रिलला छापखान्यातून निघून 3 मेपर्यंत बँकांत जमा झाल्या होत्या. परीक्षेच्या सकाळी त्या केंद्रावर पोचल्या आणि नियंत्रण कक्षात ठेवल्या गेल्या. सरकारने न्यायालयात मांडलेल्या माहितीनुसार एक माणूस सकाळी 8.02 वाजता त्या कक्षात शिरला आणि 9.23 वाजता बाहेर पडला. सीबीआयचे म्हणणे असे की त्याने हत्यारांनी पेटी उघडली, पेपरचे फोटो काढले आणि पेटी पुन्हा होती तशी केली. त्याला आत जाऊ दिल्याचा आरोप केंद्राच्या जबाबदार पदाधिकाऱ्यांवर ठेवण्यात आला. पुढे वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांनी प्रश्न वाटून घेऊन सोडवले, उत्तरे पाटण्यासह काही ठिकाणी गेली, तिथे ती छापून मुलांकडून पाठ करून घेतली आणि प्रती जाळल्या, असे तपास यंत्रणा सांगते.

इथे घड्याळ मांडून पाहावे. फोटो साडेनऊच्या सुमारास निघाले आणि उमेदवारांना दीडच्या आत केंद्रावर हजर व्हायचे होते. सोडवणे, पाठवणे, छापणे आणि 180-200 प्रश्न घोकून घेणे हे सगळे त्या चार तासांत बसवावे लागते. पेपर सकाळी सव्वादहापर्यंत सोडवून झाला हे सांगितले गेले, तेव्हा खंडपीठालाच ते सहजी पटेना. त्यात पाटण्यातल्या आरोपींच्या जबाबांनी आणखी गोंधळ घातला. एका जबाबात मुलांना 4 मेच्या रात्री पाठ करायला बसवल्याचा उल्लेख होता, तर दुसरीकडे 5 मेच्या सकाळी पेपर मोबाइलवर आल्याचे म्हटले होते. 4 मेची रात्र खरी असेल तर 5 मेच्या सकाळी उघडलेली पेटी हा पहिला उगम असू शकत नाही. सरन्यायाधीशांनी सुनावणीत नेमका हाच प्रश्न काढला.

हे जबाब त्या आठवड्यांत वाहिन्यांवर ‘कबुली’ म्हणून अखंड दाखवले जात होते. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपल्या कायद्यात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. तपासाला दिशा द्यायला तो उपयोगी, पण ‘आरोपीने 4 मेला पेपर मिळाल्याचे मान्य केले’ असे लिहिणे आणि ‘पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबात तसे म्हटले आहे’ असे लिहिणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या मते त्या काळात सर्वांत जास्त नुकसान हा फरक न पाळल्याने झाले.

टेलिग्रामवरही 4 मे तारखेचा एक पुरावा फिरत होता. एनटीएने न्यायालयात सांगितले की तो बनावट आहे आणि वेळेची नोंद फिरवलेली आहे. टेलिग्राम चॅनेलवरच्या जुन्या पोस्टमधला फोटो नंतर बदलता येतो. पोस्टवर वेळ जुनीच राहते, फक्त कोपऱ्यात ‘संपादित’ अशी खूण येते. म्हणजे काल टाकलेल्या फालतू पोस्टमध्ये आज खरा पेपर घातला की तो कालच फुटल्यासारखा दिसतो. स्क्रीनशॉट घेताना ती खूण कापली तर पकडणे कठीण होते.

लातूरमध्येही त्या जूनमध्ये ‘नीट’संबंधी गुन्हा नोंदवला गेला. त्यातला आरोप पैसे घेऊन गुण वाढवून देण्याचा होता. तो हजारीबागच्या पेटीशी आपोआप जोडायचे काही कारण नव्हते, तरी मथळ्यांत दोन्ही एकाच वाक्यात आले.

23 जुलैला न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली आणि 2 ऑगस्टला सविस्तर निकाल दिला. त्याची भाषा मुद्दाम वाचण्यासारखी आहे. हजारीबाग आणि पाटणा इथे पेपर फुटला, हे वादातीत मानले. सीबीआयच्या अहवालानुसार सुमारे 155 विद्यार्थी लाभार्थी दिसतात, असे नोंदवले. आणि संपूर्ण परीक्षेचे पावित्र्य भंगले, असा निष्कर्ष काढण्यापुरते साहित्य ‘या टप्प्यावर’ समोर नाही, असे म्हटले. इतरत्र काहीच घडले नाही, असे न्यायालय कुठेही म्हणाले नाही. ‘न्यायालयाने परीक्षेला क्लीन चिट दिली’ हा मथळा म्हणूनच चुकीचा होता, आणि ‘न्यायालयाने देशव्यापी घोटाळा दडपला’ हाही.

पुढच्या परीक्षेच्या आदल्या रात्री तुमच्या मोबाइलवर पेपर म्हणून एखादा फोटो आला, तर तो पुढे पाठवू नका आणि पुसूनही टाकू नका. मूळ संदेश पाठवणाऱ्याच्या नावासह आणि वेळेसह तसाच ठेवा, दुसऱ्या मोबाइलने त्या पडद्याचा फोटो घ्या आणि परीक्षा सुरू होण्याआधीच पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. तक्रारीवरची पोच आणि तिच्यावरची वेळ नंतर कोणालाही बदलता येत नाही.