हिमप्रदेशात गाडीचे इंजिन ऑइल

इंजिन ऑइलच्या डब्यावर ‘१०डब्ल्यू-४०’ असा ग्रेड असतो. ‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंडीतले वागणे सांगतो. तो जितका लहान, तितके तेल गारठ्यात पातळ राहते. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला तापलेल्या तेलाचा दाटपणा दाखवतो.

स्पेनमधून फिनलंडला नेलेल्या गाडीत १०डब्ल्यू-४० आहे, असे समजू. या वर्गाच्या तेलाची इंजिन सुरू करतानाची चाचणी उणे २५ अंशांवर होते. ५डब्ल्यूची उणे ३० आणि ०डब्ल्यूची उणे ३५ अंशांवर. उत्तर फिनलंडमध्ये पारा उणे ३० च्या खाली जातो. तिथे पहिले तेल इतके घट्ट होते, की स्टार्टर जड फिरतो. इंजिन सुरू झाले तरी पंपाला तेल खेचता येत नाही, ऑइलचा दिवा लवकर विझत नाही आणि बेअरिंग कोरडी घासतात.

अशा गाडीला ०डब्ल्यू-४० योग्य, पण गाडीच्या पुस्तिकेत तो ग्रेड मान्य असेल तरच. दुसरा आकडा थंडीमुळे बदलू नये, कारण तापलेल्या इंजिनातले तेल हिवाळ्यातही गरमच असते. ग्रेडइतकीच पुस्तिकेतली कंपनीची मान्यताही डब्यावर जुळवून पाहावी. तेल बदलताना फिल्टरही बदलावा आणि हे काम कडाक्याच्या थंडीआधीच उरकावे.