डच रेल्वेचा प्रवास-नियोजक: तीन आकडे

नेदरलँड्समधील एनएस या रेल्वे कंपनीच्या प्रवास-नियोजकात गाडीच्या नियत वेळेशेजारी तांबड्या अक्षरांत +4 असे दिसले, तर ती गाडी चार मिनिटे उशिरा आहे, एवढाच त्याचा अर्थ. परंतु वाटेत गाडी बदलावयाची असल्यास हा आकडा एकट्याने वाचून भागत नाही.

समजा, उट्रेख्ट स्थानकात आपली गाडी 10:27 ला यावयाची आणि पुढची 10:33 ला सुटावयाची आहे. पहिलीपुढे +4 लागताच सहा मिनिटांच्या अवकाशातली दोनच उरतात, आणि पुढचीपुढेही +5 असेल तर तोच अवकाश सात मिनिटांचा होतो. म्हणून येणारीचा आणि जाणारीचा, असे दोन्ही विलंब एकत्र वाचावे.

तिसरा आकडा `spoor` या शब्दापुढचा, म्हणजे फलाटाचा. तो तांबडा झाला की फलाट बदलला असे समजावे. बदल 18 वरून समोरच्याच 19 वर असेल तर चिंता नको. पण 5 वरून 18 वर असेल तर जिना चढून, रुळांवरील दालन ओलांडून पुन्हा उतरावे लागते, आणि दोन मिनिटांत ते बहुधा साधत नाही. क्रमांकापुढील a अथवा b हे मात्र त्याच लांब फलाटाचे भाग होत.

विलंबाचा अंदाज वाटेत घटतो-वाढतो आणि गाडीचे दरवाजे नियत वेळेपूर्वीच बंद होतात. यास्तव उतरण्यापूर्वी पडदा पुन्हा एकवार पाहावा आणि पुढच्या पर्यायी गाडीची वेळ ध्यानात ठेवावी.