मांजर हवेत वळतं कसं आणि फटीपुढे थबकतं का

1894 साली पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे या शरीरक्रिया शास्त्रज्ञाने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे काही छायाचित्रं ठेवली. मांजर चारही पाय वर, पाठ खाली अशा स्थितीत धरलं होतं. मग ते सोडून दिलं आणि पडतानाची छायाचित्रं एकापाठोपाठ एक टिपली. शेवटच्या चित्रांत ते पायांवर उतरलेलं दिसत होतं. हे तर घरोघरी माहीत असलेलं, मग अकादमीतली विद्वान मंडळी चक्रावली का?

कारण भौतिकशास्त्राचा एक नियम. बाहेरून पिरगाळणारं बल लावलं नाही तर वस्तूचा कोनीय संवेग बदलत नाही. मांजर सोडताना स्थिर होतं, म्हणजे तो शून्य होता. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं, पण फिरवत नाही. धरायला हवेत काही नाही. मग ते 180 अंश वळलं कसं? धरणाऱ्याच्या हातांना रेटा देऊन ते सुटतानाच गिरकी घेत असेल, हा सगळ्यांचा पहिला अंदाज. पण सुरुवातीच्या चित्रांत मांजर जराही फिरत नव्हतं. वळण सुरू होत होतं ते हात सुटल्यानंतर.

इथे जरा थांबा, कारण गोम शब्दांत आहे. नियम असं म्हणत नाही की ‘शून्य संवेग असलेली वस्तू वळू शकत नाही’. तसं फक्त अखंड, कडक वस्तूसाठी खरं आहे. लाकडाचं मांजर वळणार नाही. खरं मांजर मध्ये वाकतं, आणि त्याचे दोन भाग वेगवेगळे फिरू शकतात.

त्याच वर्षी एमिल ग्वियू याने पहिलं उत्तर दिलं. गिरकी घेताना हात छातीशी घेतले की वेग वाढतो, हे तुम्हाला माहीत आहे. वस्तुमान अक्षाजवळ आलं की फिरवणं सोपं होतं. मांजर आधी पुढचे पाय जवळ घेतं, मागचे ताणतं आणि पुढचं अर्धं शरीर वळवतं. मागचं अर्धं उलट दिशेने वळतं, पण थोडंच. मग पायांची अदलाबदल करून मागचा भाग आणतं.

आकडे घालून बघू. समजा ताणलेल्या पायांचा भाग फिरवायला जवळ घेतलेल्या भागाच्या तिप्पट जड जातो. हे प्रमाण मी हिशोबासाठी धरलंय, मोजलेलं नाही. कमरेत एकूण 120 अंशांचा पीळ दिला, तर पुढचा भाग 90 अंश सरळ दिशेने जाईल आणि मागचा 30 अंश उलट. तीनास एक. आता पाय बदलून पीळ सोडवा. मागचा भाग 90 अंश सरळ, पुढचा 30 अंश उलट. दोन्ही भागांची निव्वळ कमाई 60 अंश. म्हणजे पूर्ण वळायला हे चक्र तीनदा करावं लागेल, किंवा एकाच चक्रात करायचं तर कमरेला 360 अंशांचा पीळ द्यावा लागेल. असा पीळ मांजराचा कणासुद्धा सोसणार नाही. आणि वेळ तर बघा: एक मीटर उंचीवरून पडायला जेमतेम 0.45 सेकंद लागतो. युक्ती खरी आहे, मांजर ती वापरतंही, पण सगळं काम तिच्यावर भागत नाही.

उरलेलं काम कंबर करते. 1935 मध्ये राडेमाकर आणि तर ब्राक यांनी हे मांडलं, आणि 1969 मध्ये स्टॅनफर्डच्या केन आणि शेर यांनी त्याचं गणित करून संगणकाने काढलेल्या आकृत्या मांजराच्या छायाचित्रांशी ताडून दाखवल्या. त्यांचं मांजर म्हणजे मध्ये जोडलेले दोन भाग, आणि अट अशी की कमरेला पीळ अजिबात द्यायचा नाही.

हे समजायला समीकरणांआधी हातभर रबरी नळी घ्या. ती यू अक्षरासारखी वाकवा, टोकं वर. आतल्या बाजूला पेनाने एक रेघ ओढा. ते मांजराचं पोट. आता दोन्ही टोकं बोटांत धरून नळी तिच्या स्वतःच्या अक्षाभोवती गोल फिरवा, पीळ पडू न देता. रेघ आतून बाजूला आणि बाजूकडून बाहेर येईल. यू मात्र जागच्या जागी! आता वरून टोकांकडे बघा: एक घड्याळाच्या दिशेने फिरतंय, दुसरं उलट. दोघांचे कोनीय संवेग एकमेकांना खोडतात, बेरीज शून्य, आणि तरीही ‘पोट’ वरचं खाली गेलं. मांजर नेमकं हेच करतं. आधी पोटाच्या बाजूने वाकतं, मग कुशीत, मग पाठीकडे, आणि शेवटी सरळ होतं.

खरं मांजर नळीइतकं दुमडत नाही. त्यामुळे दोन संवेग पूर्ण खोडले जात नाहीत, थोडा शिल्लक उरतो. तो फेडायला सगळं वाकलेलं शरीर मिळून सावकाश उलट दिशेने वळतं. कंबर जितकी कमी वाकेल तितकी ही उलट वळणाची किंमत जास्त. शेपटी मदत करते, पण ती अनिवार्य नाही. बिनशेपटीची मँक्स मांजरंही वळतात.

वर कुठे, खाली कुठे हे मांजराला मुख्यतः आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते. म्हणून डोकं आधी वळतं, धड मागून येतं. पिल्लं ही कसब घेऊन जन्मत नाहीत, काही आठवड्यांनी ती येते. आणि वळणं म्हणजे वाचणं नव्हे. झाग्रेबच्या पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या 119 मांजरांच्या नोंदी 2004 मध्ये छापल्या. सातव्या किंवा त्याहून वरच्या मजल्यावरून पडलेल्यांच्या दुखापती जास्त गंभीर होत्या, विशेषतः छातीच्या. गॅलरीला जाळी लावायची ती याचसाठी, आणि हा प्रयोग घरी नळीवरच करायचा, मांजरावर नाही.

आता मिशा. पडताना वळण्यासाठी त्यांची गरज नसते. त्यांचं काम जमिनीवर, अगदी जवळच्या गोष्टींसाठी. मांजराला साधारण 25 सेंटीमीटरच्या आतलं नीट दिसत नाही, आणि तिथेच मिशा कामाला येतात. मिशीच्या केसात स्वतःच्या नसा नसतात. पण तिचं मूळ साध्या केसापेक्षा बरंच खोल असतं, भोवती रक्ताने भरलेली पोकळी असते आणि तिथे मज्जातंतूंची दाट गर्दी. केस वाकला की मुळावर ताण येतो आणि तो संदेश मेंदूकडे जातो.

यावरून फटीची रुंदी कशी कळू शकेल? पुन्हा मनचे आकडे घेऊ. दोन्ही बाजूंच्या मिशा टोकापासून टोकापर्यंत 20 सेंटीमीटर, फट 14 सेंटीमीटर. डोकं बरोबर मध्ये असेल तर प्रत्येक बाजूला 3 सेंटीमीटर दबावं लागेल. डोकं 2 सेंटीमीटर डावीकडे सरकलं तर डावीकडे 5 आणि उजवीकडे 1. बेरीज तीच, 6. म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज फट किती अरुंद ते सांगते आणि वजाबाकी डोकं कुठे आहे ते. अर्थात मेंदूला सेंटीमीटर मिळत नाहीत, मुळावरचा ताण मिळतो. म्हणून पडदा आणि भिंत यांत फरक पडतो: पडदा मिशीला स्पर्श करतो, पण तिला वाकवताना स्वतः मागे हटतो.

हे नुसतं कागदावरचं नाही, निदान उंदरांच्या बाबतीत. 2001 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या गटाने उंदरांना केवळ मिशांच्या आधारे रुंद आणि अरुंद फट ओळखायला शिकवलं. काही मिलिमीटरचा फरक त्यांना कळत होता. मिशा कापल्यावर अचूकता घसरली. पुराव्याचा हा नमुना लक्षात ठेवा: एकच गोष्ट काढून घेतली आणि नेमकं तेच काम बिघडलं.

मांजराबद्दल मात्र सगळीकडे एक वाक्य फिरतं: ‘मिशांची रुंदी शरीराइतकी असते, म्हणून मिशा मावल्या की मांजर मावतं.’ यात दोन अडचणी आहेत. मांजर जाड झालं तरी मिशा त्या प्रमाणात लांब होत नाहीत. आणि मांजराचं कॉलरबोन खांद्याच्या सांध्याला घट्ट जोडलेलं नसतं, त्यामुळे मिशांपेक्षा अरुंद फटीतही ते खांदे आवळून जातं. मिशा म्हणजे परवानगी नव्हे, फार तर सूचना.

बुडापेस्टच्या पेतेर पोंग्रात्स यांनी 2024 मध्ये 30 पाळीव मांजरांवर, त्यांच्याच घरी, केलेला प्रयोग इथे फार बोलका आहे. फळीतली भोकं टप्प्याटप्प्याने लहान होत गेली; एका मालिकेत फक्त रुंदी कमी होत होती, दुसरीत फक्त उंची. अरुंद पण उंच भोकांकडे मांजरं न कचरता गेली आणि घुसून बघू लागली. बुटक्या भोकांपुढे मात्र जवळ पोचण्याआधीच त्यांची चाल मंदावली. आपण किती उंच आहोत याची काहीतरी कल्पना त्यांना असावी, असा लेखकाचा निष्कर्ष. रुंदीच्या बाबतीत मांजरं ‘करून बघू’ या वाटेने जातात.

मला यातला ‘पोचण्याआधी’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. चाल मंदावते तेव्हा मिशा कशालाच टेकलेल्या नसतात, म्हणजे तो निर्णय दृष्टीचा. अरुंद भोकात डोकं घातल्यावर मिशांची पाळी येत असेल, आणि तसं लेखकालाही शक्य वाटतं. पण या प्रयोगात मिशांमध्ये कोणताही बदल केला नव्हता, त्यामुळे त्यांचा वाटा इथून वेगळा काढता येत नाही. उंदरांच्या मिशांवरून मांजराचं अनुमान करणं आणि मांजराच्या मिशा तपासणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

मग कसं तपासाल? पाळीव मांजराच्या मिशा कापणं हा मार्ग नाही. काही आठवडे त्याच्या रोजच्या हालचालींचा आधार काढून घेतल्यासारखं होईल. पण भोकाची रुंदी तीच ठेवून कडा बदलता येतील: एकदा कडक फळी, एकदा त्याच रंगाचं मऊ कापड. डोळ्यांना दोन्ही सारखं, मिशांना वेगळं. मग व्हिडिओ फ्रेम-फ्रेमने बघायचा आणि एकच गोष्ट नोंदवायची: मांजर थबकलं ते मिशी कडेला टेकण्याच्या आधीच्या फ्रेममध्ये की नंतरच्या.