चांदणी असावी, आमिष नसावं
स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रं आवडीने काढणाऱ्या काही मुलांना मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी आधीच बक्षीस कबूल केलं. पुढे त्या मुलांची चित्रांची ओढ ओसरली, असं १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं. मूल रात्री अंथरुणात राहावं म्हणून चांदण्यांचा तक्ता लावतानाही हे लक्षात ठेवावं. कोणी म्हणेल, चित्रं आवडीची होती, अंथरुणात पडून राहणं मुलांना मुळात कुठे आवडतं? आक्षेप रास्त आहे. म्हणून तक्त्यावर चांदणी असावी, पण तिच्या बदल्यात खेळणं नको. चार वर्षांची मुलगी रोज पाचदा उठत असेल, तर ‘झोप लागली’ यासाठी नव्हे, ‘दिवा मालवल्यावर दोनदाच उठली’ यासाठी चांदणी द्यावी. झोप लागणं तिच्या हातात नसतं. सकाळी उठल्याउठल्या तिनेच चांदणी चिकटवावी. हुकलेल्या रात्रीचा चौकोन कोरा राहू द्यावा, मिळालेली चांदणी काढून घेऊ नये. आठवडाभर चौकोन कोरेच राहिले, तर अट सैल करावी आणि तिला फार लवकर तर झोपवत नाही ना, हेही पाहावं.