फीचे हप्ते मागताना

कॉलेजच्या ऑफिसात हप्त्यांसाठी येणाऱ्या बऱ्याच ईमेलमध्ये एवढेच असते: ‘घरची परिस्थिती हलाखीची आहे, कृपया सहकार्य करावे.’ ते खरे असले तरी क्लार्कला त्यावर पुढे काही करता येत नाही. हप्त्यांचा निर्णय सहसा प्राचार्य घेतात आणि त्यांच्यापुढे ठेवायच्या टिपणात तीन गोष्टी लागतात: बाकी किती, ती कोणत्या तारखांना येणार आणि आधार काय. ईमेलमध्ये या तिन्ही असल्या की टिपण तयार झाल्यासारखेच असते.

समजा, लातूरकडचा एक मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षाची फी ८४,००० रुपये. २४,००० प्रवेशाच्या वेळी भरले, उरलेले ६०,००० ऑक्टोबरअखेर भरायचे. दरवर्षी सोयाबीन विकून ते भागतात, पण यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीत चार एकरांपैकी तीन एकर पीक गेले. त्याने असे लिहावे:

विषय: ६०,००० रु. बाकी फी तीन हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळण्याबाबत (द्वितीय वर्ष, सिव्हिल, पीआरएन क्रमांक …)

मा. प्राचार्य महोदय,

माझी ६०,००० रु. फी बाकी असून मुदत ३१ ऑक्टोबर आहे. आमचे घर शेतीवर चालते. सप्टेंबरच्या पावसात चारपैकी तीन एकर सोयाबीनचे नुकसान झाल्याने पूर्ण रक्कम एकदम भरणे शक्य नाही. पुढीलप्रमाणे भरण्याची परवानगी मिळावी:

३१ ऑक्टोबर: १५,००० रु. (उरलेल्या सोयाबीनच्या विक्रीतून)
१५ डिसेंबर: २०,००० रु. (नोकरी करणाऱ्या भावाच्या पगारातून)
२८ फेब्रुवारी: २५,००० रु. (तुरीच्या विक्रीतून)

या काळात परीक्षेचा अर्ज भरू द्यावा व विलंब शुल्क लावू नये, ही विनंती. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज केला आहे, तो अद्याप मंजूर झालेला नाही. सातबारा आजोबांच्या नावे असल्याने शिधापत्रिकाही जोडली आहे. वडिलांचा मोबाइल क्रमांक: …

आपला विद्यार्थी, …

यात दुःखाचे वर्णन दोन ओळींत संपते, कारण बाकीचे काम कागद करतात. मात्र कागद नेमका हवा. बरेच जण फक्त तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडतात. तो सरलेल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा असतो, यंदाचे पीक बुडाल्याचे त्यात दिसत नाही. नुकसान दिसते ते पंचनाम्यात, म्हणून त्याची प्रत तलाठ्याकडे मागावी. ई-पीक पाहणी केली असेल तर सोयाबीनची नोंद सातबाऱ्यावरही येते. सातबारा आजोबांच्या नावे आणि अर्ज नातवाचा असेल, तर ‘हे कोण?’ हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर शिधापत्रिका देते. शेवटी आधी भरलेल्या फीची पावती जोडावी.

कारण आजारपणाचे असेल, तर हॉस्पिटलच्या बिलाचे एकूण रकमेचे पान पुरते. आजाराचा सगळा तपशील ऑफिसला कळायची गरज नसते. आधार मागितलेच, तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्यावी. मोबाइलवर काढलेले तिरपे, सावली पडलेले फोटो पाठवू नयेत. स्कॅन करून पीडीएफ करावी आणि फाइलला ‘पंचनामा’, ‘सातबारा’ अशी नावे द्यावीत.

शिष्यवृत्तीची गोष्ट लपवण्याचा मोह होतो. पण महाडीबीटीवरचे अर्ज तपासणीसाठी कॉलेजकडेच येतात, त्यामुळे ऑफिसला ते कळतेच. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसारखी योजना मंजूर झाली तर भरायची रक्कमही बदलते, म्हणून आपणच सांगितलेले बरे. तसेच पहिला हप्ता शून्य ठेवू नये. मुदतीच्या दिवशी १५,००० जमा झाले, तर पुढच्या तारखांवर विश्वास बसतो. आणि तारखा पैसा हातात येण्याच्या जरा पुढच्याच द्याव्यात. तूर जानेवारीत निघाली तरी विकून पैसे यायला वेळ लागतो.

ईमेल मुदतीच्या आठ-दहा दिवस आधी, कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावर जावा. त्याची छापील प्रत आवक विभागात देऊन क्रमांक घ्यावा. खिडकीवरचे ‘हो, बघू’ म्हणजे मंजुरी नव्हे. फीच्या नोंदीत मुदत बदलली नाही तर विलंब शुल्क लागू शकते आणि परीक्षेचा अर्जही अडकतो. म्हणून मंजुरी लेखी घ्यावी आणि तिच्यातल्या तारखा आपल्याशी ताडून पाहाव्यात. काही ठिकाणी पालकांचे हमीपत्रही मागतात. सही करण्यापूर्वी, हप्ता चुकला तर काय होईल ते त्यात वाचावे.

पुढे तुरीचे पैसे लांबलेच, तर २८ फेब्रुवारी उलटण्याची वाट पाहू नये. आठवडाभर आधी त्याच ईमेलला उत्तर म्हणून लिहावे, हातात असलेले पाच-दहा हजार भरून पावती जोडावी आणि उरलेल्या रकमेची नवी तारीख द्यावी. लेखी परवानगी मागून वाढवलेली मुदत आणि न सांगता चुकवलेला हप्ता यांत ऑफिस फरक करते.